एसी काढला, मागची भिंत उभी करायची कशी? इमारतीच्या फोटोचं रिटचिंग

कोथरूडमधली सात मजली, राहती इमारत. बिल्डरच्या नव्या ब्रोशरमध्ये 'पूर्ण झालेले प्रकल्प' या पानावर तिचा पूर्ण पानभर फोटो जाणार होता. दर्शनी बाजूला रहिवाशांनी बसवलेले एसीचे नऊ आउटडोअर, उजव्या कोपऱ्यातून गच्चीपासून खालपर्यंत उतरणारा पावसाळी पाइप आणि गेटजवळच्या दगडी क्लॅडिंगवर मीटरची मोठी पेटी. फोटो डिसेंबरमधल्या दुपारी, साडेतीनच्या सुमारास काढलेला. हे सगळं फोटोतून काढायचं काम फोटोशॉपमध्ये कसं केलं, ते इथे क्रमाने लिहीत आहोत.

आधी काय काढायचं नाही ते ठरवलं. रहिवाशांनी नंतर लावलेल्या, उद्या उतरवता येतील अशा वस्तू काढायला आमची हरकत नसते. एसी ठेवण्यासाठी स्लॅबमधून काढलेला कट्टा मात्र बांधकामाचा भाग आहे. डबा जातो, कट्टा राहतो. शेजारचा ट्रान्सफॉर्मर, डोक्यावरून जाणारी उच्च दाबाची तार, समोरच्या रस्त्याची रुंदी, बाजूच्या इमारतीचं अंतर यांना आम्ही हात लावत नाही, कारण घर घेणारा माणूस ब्रोशर बघून पैसे भरतो. रेरा कायद्याचं (२०१६) कलम १२ याच बाबतीत आहे: जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणाचं नुकसान झालं, तर भरपाईची जबाबदारी प्रवर्तकावर येते. पावसाळी पाइप आणि मीटरपेटी सीमारेषेवरच्या वस्तू. त्या काढल्या, पण फोटोखाली 'छायाचित्रावर संस्करण केले आहे' ही ओळ बारीक अक्षरात टाकायची हे बिल्डरकडून आधीच लिहून घेतलं.

मग माप. कोणता दोष छपाईत दिसेल आणि कोणता नाही, हे मापावरूनच कळतं. पान ए-फोर, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे २१६ बाय ३०३ मिमी. ३०० पीपीआयला ते साधारण २५५१ बाय ३५७९ पिक्सेल होतं. आमच्या कामाच्या फाइलमध्ये भिंतीचा १ मीटर म्हणजे अंदाजे २०० पिक्सेल होते. दीड टनाचा आउटडोअर साधारण ८० सेंटिमीटर रुंद, म्हणजे फाइलमध्ये १६० पिक्सेल आणि छापल्यावर ८ मिमीच्या आसपास. चार इंची पाइप २२ पिक्सेल, कागदावर जेमतेम १.१ मिलिमीटर. पाइप इतका बारीक असला तरी तो सात मजले सरळ उतरतो, आणि सरळ रेषेतली खोट डोळा लगेच पकडतो. डब्याच्या जागेवरची थोडी चूक एक वेळ खपेल, पाइपाच्या जागेवरची खपत नाही.

काढाकाढीला हात घालण्याआधी फोटो सरळ करावा लागतो. कॅमेरा रॉमध्ये लेन्स प्रोफाइल लावायचं, कडांची रंगीत झालर काढायची आणि `Geometry` मधल्या `Guided` ने इमारतीच्या दोन्ही उभ्या कडा आणि दोन आडव्या खाचा खऱ्या उभ्या-आडव्या करून घ्यायच्या. हे आधीच करायचं, कारण भिंतीवरच्या खाचा एकदा तंतोतंत आडव्या झाल्या की शेजारचा तुकडा `Shift` दाबून नुसता बाजूला सरकवला तरी खाच खाचेला जुळते. आधी क्लोन करून नंतर फोटो सरळ करायला गेलं, तर जोडलेला प्रत्येक तुकडा नव्याने ताणला जातो आणि सांधे उघडे पडतात.

सरळ केलेल्या फोटोत मजले एकसारखे दिसायला लागतात, आणि इथेच मोह होतो: दुसऱ्या मजल्यावरची स्वच्छ खिडकी उचलायची आणि सहाव्यावर ठेवायची. पण कॅमेरा खाली होता. सहाव्या मजल्याच्या छज्जाची खालची बाजू बरीच दिसते, दुसऱ्याची थोडीच. शिवाय वरचे मजले सरळ करताना ताणले गेलेले असतात, त्यामुळे तिथलं टेक्श्चर खालच्यापेक्षा मऊ असतं. तुकडा शक्यतो त्याच मजल्यावरून घ्यायचा, नाइलाज झाला तर लगतच्या मजल्यावरून. दुसरा मोह तुकडा आरशासारखा उलटा करण्याचा. ही पश्चिमेची भिंत. तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं की दक्षिण उजवीकडे येते, आणि डिसेंबरच्या दुपारी सूर्य नैर्ऋत्येला असतो. म्हणून सगळ्या सावल्या डावीकडे आणि खाली पडलेल्या. तुकडा उलटा केला की त्याची सावली उजवीकडे जाते. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण ती खिडकी त्याला खटकत राहते.

आता चौथ्या मजल्यावरचा एक डबा जरा जवळून पाहू. नऊंपैकी सगळ्यात अवघड हाच होता. खिडकीच्या डावीकडे, खिडकीच्या वरच्या कडेच्या पातळीला, दोन लोखंडी ब्रॅकेटवर बसवलेला. मागून एक आडवी खाच जाते. डब्यातून पांढरी टेप गुंडाळलेले तांब्याचे पाइप निघून भिंतीत शिरतात, आणि बाजूने ड्रेनची नळी खाली लोंबते. खिडकीवरचा छज्जा साधारण २ फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर बाहेर आलेला.

त्या वेळच्या उन्हात या भिंतीवर ६० सेंटिमीटर बाहेर आलेल्या छज्जाची सावली साधारण ४५ सेंटिमीटर खाली आणि ५४ सेंटिमीटर डावीकडे सरकते. म्हणजे छज्जाच्या सावलीचा डावा कोपरा बरोबर या डब्यावर पडत होता. डबा काढायचा म्हणजे सावलीचा तो कोपरा भिंतीवर नव्याने उभा करायचा. इथे हमखास होणारी गफलत म्हणजे डब्याच्या तोंडावर दिसणारी सावलीची रेघच पुढे वाढवणं. डब्याचं तोंड भिंतीपासून ४५ सेंटिमीटर पुढे होतं. छज्जाच्या कडेपासून ते फक्त १५ सेंटिमीटर मागे. त्यामुळे डब्यावरची सावली अगदी थोडी सरकलेली असते आणि भिंतीवरची कितीतरी जास्त. या दोन रेघा एका सरळीत येतच नाहीत. खरी जागा दाखवते ती त्याच मजल्यावरची, एसी नसलेली शेजारची खिडकी. तिथला सावलीचा कोपरा छज्जाच्या कोपऱ्यापासून किती पिक्सेल खाली आणि किती डावीकडे आहे ते रूलर टूलने मोजलं आणि तेच अंतर इथे पेन टूलने आखलं.

आखणी झाल्यावर भरायला सुरुवात खाचेपासून. शेजारच्या खिडकीजवळून खाचेचा लांब तुकडा निवडून `Ctrl+J` ने वेगळ्या लेयरवर घेतला, आडवा सरकवला आणि २०० टक्के झूमवर दोन्ही टोकं जुळवली. खाचेतसुद्धा ऊन-सावली असते, वरच्या कडेखाली काळी बारीक रेघ आणि खालच्या कडेवर उजळ रेघ, म्हणून ती ब्रशने काढता येत नाही. ती उचलूनच आणावी लागते.

मग साधी भिंत. नवा रिकामा लेयर, क्लोन स्टॅम्प, `Sample` मध्ये `Current & Below`, `Aligned` चालू. मोकळ्या भिंतीवर मऊ ब्रश चालतो. खिडकीच्या चौकटीजवळ आणि छज्जाच्या कडेला ब्रशचा कडकपणा ७०-८० टक्के लागतो, आणि त्या कडा आधी पेन टूलने सिलेक्शनमध्ये बांधून अर्धा पिक्सेल फेदर द्यावा. मऊ ब्रशने कडेपर्यंत गेलं की कडेलगत धुरकट पट्टा उरतो. रिटच झालेली इमारत ओळखायची ती बहुतेकदा या पट्ट्यावरूनच. हीलिंग ब्रशची अडचण वेगळी. तो भोवतालचा रंग ओढून घेतो, त्यामुळे खिडकीच्या काळ्या काचेजवळ वापरला की भिंतीत काळपट डाग पसरतो. `Content-Aware Fill` मोकळ्या भिंतीवर चांगलं काम करतं, पण त्यातला सॅम्पलिंगचा भाग स्वतः रंगवून फक्त उन्हातल्या भिंतीपुरता ठेवावा लागतो. नाहीतर ते सावलीतली भिंत आणून उन्हात लावतं, आणि खाच मध्येच वाकडी करतं.

क्लोन करताना दर दोन-तीन फटक्यांनी उगमाची जागा बदलावी. टेक्श्चर पेंटवर पावसाचे फिकट ओघळ असतात. एकच ओघळ दोनदा शेजारी आला की नक्कल उघडी पडते. हे पकडायला सगळ्यांत वर एक तपासणीचा कर्व्हज लेयर ठेवतो, खूप तीव्र एस आकाराचा. तो चालू केला की भिंतीतला थोडासाही फरक ढोबळ होऊन दिसतो, ठिगळ आणि जुळे डाग वर येतात. दुरुस्ती झाली की तो बंद.

डब्याची स्वतःची सावली भिंतीवर डावीकडे साधारण ४० आणि खाली साधारण ३४ सेंटिमीटर सरकलेली होती. ती उजळ करून घालवायचा प्रयत्न करू नये. या फोटोत उन्हातली भिंत साधारण २१२, १९६, १७२ होती आणि सावलीतली ११८, ११६, ११८. लाल जवळजवळ निम्म्यावर आला, निळा मात्र दोन तृतीयांशाहून थोडा जास्त टिकला, कारण सावलीत सूर्याचा प्रकाश पोचत नाही, निळ्या आकाशाचा पोचतो. अशी भिंत नुसती उजळ केली की निळसर ठिगळ मिळतं. म्हणून डब्याची सावली पूर्ण पुसून तिथे उन्हातली भिंत आणून भरली. आणि छज्जाच्या नव्या सावलीसाठी याच आकड्यांचा उलटा उपयोग झाला: भरलेल्या उन्हाच्या भिंतीवर कर्व्हज लेयर टाकून लाल, हिरवा, निळा वेगवेगळे उतरवले आणि शेजारच्या खिडकीखालच्या सावलीशी आकडे जुळेपर्यंत फिरवले.

सावलीची कड किती मऊ ठेवायची याचं उत्तर सूर्याच्या आकारात आहे. सूर्याचं बिंब आकाशात साधारण अर्धा अंश दिसतं, त्यामुळे सावलीची कड तिच्या उगमापासूनच्या अंतराच्या साधारण शंभराव्या भागाइतकी धूसर होते. छज्जाच्या कडेपासून भिंतीपर्यंत किरणाचा प्रवास मीटरभराच्या आत होता, म्हणजे धूसरपणा १ सेंटिमीटरच्या आसपास, आमच्या फाइलमध्ये दोन पिक्सेल. दहा-बारा पिक्सेलचा ब्लर दिला की ती सावली ढगाळ दिवसातली वाटते, आणि शेजारच्या कडक सावल्यांमध्ये एकटी पडते.

डबा गेला, तरी त्याचं पाणी भिंतीवर राहतं. ड्रेनच्या नळीखाली तिसऱ्या मजल्यापर्यंत हिरवट-काळा ओघळ उतरला होता. वर काही नसताना मधूनच सुरू होणारा ओघळ हा रिटचिंगचा सगळ्यात उघड पुरावा. इथे क्लोन करण्यापेक्षा टेक्श्चर आणि रंग वेगळे करणं बरं, कारण ओघळाखालचं टेक्श्चर शाबूत असतं, फक्त रंग बिघडलेला असतो. फोटोच्या दोन प्रती. खालच्या प्रतीला टेक्श्चर नाहीसं होईपर्यंत गॉसियन ब्लर, या फाइलला १० पिक्सेल पुरला. वरच्या प्रतीवर `Apply Image`: आठ बिटच्या फाइलला लेयर म्हणून खालची प्रत, ब्लेंडिंग `Subtract`, `Scale` २, `Offset` १२८, आणि मग त्या लेयरचा मोड `Linear Light`. आता खालच्या प्रतीवर लॅसोने ओघळाचा भाग निवडून शेजारच्या भिंतीचा रंग त्यात भरला की डाग जातो आणि दाणा तसाच राहतो. लॅसो खिडकीच्या कडेला लागू द्यायचा नाही, तिथे ब्लरमुळे काचेचा काळा रंग भिंतीत मिसळलेला असतो.

उरलेल्या आठ डब्यांत नवं काही नव्हतं. दोन डबे कट्ट्यावर होते, तिथे मागचा कोपरा दिसत होता, काम लवकर झालं.

पाइपाला वेगळी रीत. त्याच्या डावीकडची स्वच्छ भिंतीची ६०-७० पिक्सेल रुंद उभी पट्टी, गच्चीच्या कठड्यापासून पार्किंगपर्यंत सलग, उचलून आडवी सरकवली. खाचा आपोआप जुळल्या. भिंत उजवीकडे किंचित उजळ होत जात होती, तेवढा फरक कर्व्हजने भरला. पट्टी जशीच्या तशी ठेवली तर मूळ ओघळ आणि त्याची नक्कल शेजारी-शेजारी सात मजले उतरतात, म्हणून दर मजल्यावर निदान दोन-तीन जागी दुसरीकडची भिंत क्लोन करून ती जोडी मोडली. पाइपाची बारीक सावली त्याच्या डावीकडे उरते, तिच्यासाठी क्लोन स्टॅम्पचा मोड `Lighten` ठेवला. मग उगमापेक्षा काळे पिक्सेल तेवढे बदलतात आणि भिंतीचा बाकीचा दाणा तसाच राहतो.

वरच्या दोन मजल्यांवर पाइप आतल्या कोपऱ्यात शिरला होता, आणि कोपऱ्याची रेघच त्याच्यामागे लपली होती. तिथे एक पट्टी सरकवून भागत नाही, कारण कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती वेगळ्या उजेडात आहेत. पाइपाच्या वर आणि खाली जिथे कोपरा दिसतो, त्या दोन बिंदूंमधून सरळ पाथ काढला, दोन्ही बाजू वेगवेगळ्या लेयरवर आपापल्या भिंतीने भरल्या आणि मधली कड एका पिक्सेलवर ठेवली. पाइप काढताना टोकांकडे दुर्लक्ष होतं. कठड्याचं भोक, प्रत्येक मजल्यावरचे क्लॅम्प, खालचं वळण आणि त्याखाली जमिनीवरचा ओला पट्टा, यांतलं काहीही राहिलं तर पाइप तिथे होता हे कळतंच.

मीटरपेटी कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ, म्हणून फोटोत सगळ्यात मोठी. ती जिच्यावर होती ती दगडी क्लॅडिंगची भिंत गेटकडे तिरकी वळलेली, त्यामुळे आडवे सांधे तिथे एका बिंदूकडे धावत होते. सपाट क्लोन इथे निरुपयोगी. `Vanishing Point` उघडून सांध्यांवर चार कोपऱ्यांची जाळी बसवली. जाळी निळी झाली म्हणजे पर्स्पेक्टिव्ह ग्राह्य, लाल किंवा पिवळी असेल तर कोपरे हलवावेत. त्यातल्या स्टॅम्पला `Heal` मध्ये `Luminance` दिलं. दगड भरताना सांधे वीटकामासारखे एकाआड एक ठेवले, आणि ठळक शीर असलेला दगड उचलायचं टाळलं. असा दगड दुसऱ्यांदा आला की लगेच ओळखू येतो. पेटीतून निघून खांबाकडे जाणाऱ्या केबल पूर्ण लांबीच्या काढल्या. अर्धी केबल काढणं न काढण्यापेक्षा वाईट. पार्किंगमधल्या गाडीच्या दारात पेटीचं धूसर प्रतिबिंब होतं, तेही गेलं.

शेवटी दाणा. सरकवलेले तुकडे दाणा घेऊन येतात, पण ताणलेले किंवा फिरवलेले तुकडे मऊ होतात. अशा जागांवर पन्नास टक्के राखाडी लेयर, मोड `Overlay`, आणि त्यावर गॉसियन, एकरंगी, एक ते दीड टक्का नॉइज. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, छपाईच्या मापाला लहान केल्यावर. आधी केलं की सांध्यांच्या कडा पांढऱ्या होतात.

स्क्रीनवर निर्दोष दिसणारी भिंत छपाईत ठिगळ दाखवू शकते, विशेषतः असा फिकट बदामी रंग असेल तर. सीएमवायकेत हा रंग थोड्या पिवळ्या, थोड्या मॅजेंटा आणि त्याहून कमी सायन शाईने बनतो, आणि सायन जराही कमी-जास्त झाली की तुकडा गुलाबी किंवा हिरवट होतो. म्हणून प्रेसने दिलेलं प्रोफाइल लावून `Ctrl+Y` ने सॉफ्ट प्रूफ पाहिलं आणि इन्फो पॅनेलमध्ये भरलेल्या आणि मूळ भिंतीचे आकडे जागोजागी ताडले. सपाट भिंतीवर सायनमध्ये दोन टक्क्यांहून जास्त फरक आम्ही सोडत नाही. मग ज्या आर्ट पेपरवर ब्रोशर छापायचं त्याच कागदावर एक प्रूफ काढून ते खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात पाहिलं. त्यात चौथ्या मजल्यावरची नवी सावली शेजारच्या सावलीपेक्षा किंचित तांबूस आली होती. कर्व्हज लेयरवर लाल चॅनेल थोडा आणखी उतरवला.

फाइल देताना लेयर तसेच ठेवतो, प्रत्येक वस्तूचा वेगळा ग्रुप: `4F_AC`, `PIPE_R`, `METER`. बिल्डरचा वकील किंवा आर्किटेक्ट छपाईच्या आदल्या दिवशी एखादी वस्तू परत दाखवायला सांगू शकतो. या वेळी पावसाळी पाइप परत हवा होता, आणि एक ग्रुप बंद करून तो परत आला.